सामाईक भिंत

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका गल्लीच्या तोंडाशी माझी वडापावची गाडी लागते. गाडीमागं उभं राहिलं की समोर दोन बेकऱ्या दिसतात, दोन्हींच्या मधे एकच भिंत. डावीकडची भैरवनाथ बेकरी शैलूच्या आजोबांनी काढलेली. लाकडावरची विटांची भट्टी, खारी, टोस्ट, जिरा बटर आणि लादीपाव. उजवीकडं आधी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या जूनमध्ये तिथं मृणालनं 'लोणी-साखर' काढलं. पुण्यात चार वर्षं एका मोठ्या बेकरीत नोकरी करून ती गावी परतलेली. विजेचा ओव्हन, काचेचं कपाट आणि केकला असली नावं की ऑर्डर देताना माणसानं बोटच दाखवावं.

मी दोघांचाही गिऱ्हाईक. मंगळवार ते रविवार पाव शैलूकडून घ्यायचा, आणि सोमवारी त्याची सुट्टी म्हणून मृणालकडून. पुढं जे झालं त्यात माझा हात होता असं दोघंही म्हणतात. माझं म्हणणं, हात नव्हता, तोंड होतं.

सुरुवात पाटीवरून झाली. शैलूच्या पाटीवर मोठ्या अक्षरात 'सन १९६२ पासून' लिहिलेलं आहे. मृणालनं उद्घाटनाच्या दिवशी आपल्या दारात फळा लावला : 'आज सकाळपासून. म्हणून ताजं.' गल्ली हसली. शैलू हसला नाही. तसा तो हसरा गडी, पण आजोबांच्या पाटीवर कुणी बोललं की त्याचे कान लाल होतात.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी बटाटे सोलत होतो. बघतो तर मृणालच्या दुकानासमोर सात-आठ बायका डबे घेऊन उभ्या. कुणाच्या डब्यात गहू, कुणाच्या ज्वारी, एकीच्या डब्यात भाजणीचं. शटरवर कागद चिकटवलेला : 'येथे दळन घेतले जाईल. आठ दिवस मोफत.' मृणाल स्कूटीवरून उतरली आणि अर्धा तास समजावत बसली. पवार आजींना काही पटेना. "मोफत म्हटल्यावर गिरणी बंद पडली व्हय?" म्हणाल्या, आणि डबा तिथंच ठेवून देवळात गेल्या.

दुपारी मृणाल तो कागद घेऊन भैरवनाथमध्ये गेली. गल्ल्यावर शैलूचे वडील अण्णा होते, शैलू मागं खारीचे ट्रे काढत होता. तिनं कागद काउंटरवर ठेवला. 'दळन'मधल्या न वर लाल पेनानं गोल केलेला, शेजारी ण लिहिलेला, खाली गुण : दहापैकी चार.

"शेठ, अक्षर बरं आहे. शुद्धलेखनाचे गुण गेले," एवढंच बोलून गेली. अण्णांनी कागद दोनदा वाचला आणि पोराकडं असं बघितलं, जसं शाळेत निकालाच्या दिवशी बघायचे.

तिचा डाव दिवाळीच्या तोंडावर आला. आमच्या लहानपणी दिवाळीची नानकटाई घरात भाजत नसत. तूप, पिठीसाखर, मैदा, रवा सगळं घरून न्यायचं आणि बेकरीत बसून भट्टीत भाजून आणायचं. डब्यावर नावाची चिठ्ठी, नाहीतर आपली खरपूस नानकटाई शेजारणीकडं जायची आणि वर्षभर बोलणं बंद. ती पद्धत शैलूच्या वडिलांनीच बंद केली होती. कटकट फार आणि पैसा थोडा. मृणालनं हे कुणाकडून काढून घेतलं (माझ्याकडूनच) आणि गल्लीतल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं : 'भैरवनाथ बेकरीत यंदा पुन्हा नानकटाई भाजून मिळणार. घरचं तूप आणा.'

वसुबारसेला दुपारी चार वाजता चाळीस बायका आल्या. परातींसकट. शैलूला नाही म्हणता येईना, कारण पहिल्या नंबरवर त्याची सख्खी मावशी. रात्री एकपर्यंत भट्टी चालली. फरशीवर बैठक मारून बायका पीठ मळत होत्या, तूप फेसत होत्या, एकमेकींच्या सुनांची मापं काढत होत्या. अण्णा, ज्यांनी स्वतः हे बंद केलेलं, खुर्ची टाकून मधोमध बसले आणि प्रत्येक ट्रेमधली एक-एक चाखत सगळ्यांना सल्ला देत राहिले. सगळी गल्ली तुपाच्या वासानं भरली.

दहाच्या सुमारास ट्रे कमी पडले. शैलू दारात येऊन इकडंतिकडं बघत होता तोच शेजारचं शटर वर झालं. मृणाल बारा ट्रे घेऊन आली.

"परत देताना घासून द्यायचे," ती म्हणाली.

"हे तुम्हीच केलंत ना, मॅडम?"

"पुरावा?"

"ग्रुपवर 'नानकटाई'तली ई दीर्घ लिहिलीत. इतकं शुद्ध इथं कुणी लिहीत नाही."

ती हसली. मी गाडीवरून बघितलं, आणि शैलूच्या हातातला ट्रे खाली पडला हेही बघितलं. नानकट्या सोळा, सगळ्या मावशीच्या.

आता कुणाला वाटेल की इथं भांडण मिटलं. छे. मृणाल दुकानाबाहेर बशीत केकचे तुकडे ठेवायची, 'चाखून पाहा' म्हणून. शैलूनं तालमीतली बारा पोरं पाठवली. पैलवान एकामागून एक आले, नम्रपणे नमस्कार करून चाखत गेले, आणि प्रत्येक जण म्हणाला, "ताई, चव नीट कळली नाय, अजून एक बघू?" दीड किलो केक गेला. शेवटच्यानं पाणीही मागितलं.

मग शैलूचा वाढदिवस आला. मृणालनं समेटाचा म्हणून केक पाठवला. पांढरं क्रीम, बाजूनं गुलाब, वर वळणदार अक्षरात 'शैलेश'. भट्टीवरची माणसं जमली, अण्णांनी सुरी घेतली, टाळ्या झाल्या. सुरी दोन बोटं आत गेली आणि कर्र असा आवाज येऊन अडकली. आत थर्माकोल. दुकानाच्या काचेत शोभेला ठेवतात तसला. अण्णा सुरी ओढतायत आणि सगळा केक सुरीबरोबर वर येतोय, असं ते दृश्य. सगळ्यात आधी शैलूच हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तो केक त्यानं टाकला नाही. खारीच्या बरण्यांशेजारी काचेत ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली : 'विक्रीसाठी नाही.' गिऱ्हाईक विचारायचं, हा कसला? तो म्हणायचा, शेजारचा. ह्यापुढं मला काही विचारायची गरज उरली नाही. लग्नाला तीस वर्षं झालीत माझ्या, थर्माकोल जपणारा माणूस मला कळतो.

आता भिंतीकडं येतो.

थंडी पडली आणि सोमवारी माझी गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. बाकी दिवस पाव मऊ, सोमवारी दगड. मृणालचा पाव खरंतर चांगला. इतर दिवशी तिच्या काचेत बघावा तर कापसासारखा फुगलेला. फक्त सोमवारी चपटा. तीही हैराण. यीस्टचं पाकीट बदललं, मैद्याचा व्यापारी बदलला, पाण्यावरही संशय घेऊन झाला. मी हे शैलूपाशी सहज बोललो. "सोमवारी तुझी सुट्टी, आणि तिच्या पावाचीही सुट्टी."

शैलू टोस्ट कापत होता, थांबला. "तिची मांडणी कुठं असते दत्ताकाका? पीठ फुगायला ठेवते ती."

"तुमच्या भिंतीला लागून."

तो काही बोलला नाही. मागं गेला आणि भट्टीच्या पाठच्या भिंतीवर तळहात ठेवून उभा राहिला. मलाही तेव्हा उजेड पडला. यीस्टला ऊब लागते. शैलूची भट्टी रोज रात्री पेटते आणि ती भिंत तापते. दीड खणाचं दुकान, मांडणीला दुसरी जागा नाही, म्हणून मृणालचं पीठ रोज त्याच्या लाकडावर फुगत होतं आणि तिला पत्ताच नव्हता. रविवारी रात्री भट्टी पेटत नाही. सोमवारी पहाटे भिंत गार, पाव चपटा.

"आता तुझ्या हातात पत्ता आला," मी म्हणालो. कारण पुढच्याच सोमवारी तिची मोठी ऑर्डर होती. एका शाळेचं स्नेहसंमेलन, सहाशे बन, सकाळी आठला पोहोचवायचे. भट्टीवरचे बाबूमामा तर खूश झाले. म्हणाले, रविवारी दुपारीच निखारे ओढून काढू, भिंत पार गारठून जाईल, मग बघू आजपासूनचं ताजं.

शैलू म्हणाला, "बघू."

सोमवारी पहाटे चारला मी गाडी लावायला आलो. अजिंक्यताऱ्याकडून असा वारा येत होता की कानाला मफलर पुरेना. वर बघितलं तर भैरवनाथच्या धुराड्यातून धूर. सोमवारी! अण्णांच्या ऑपरेशनच्या वेळीही ज्यांनी सोमवार मोडला नव्हता, त्यांच्या धुराड्यातून.

मागच्या दारानं आत गेलो. शैलू एकटाच भट्टीसमोर बसलेला. ना पीठ मळलेलं, ना ट्रे लावलेले.

"काय भाजतोयस?"

"काही नाही."

"मग लाकूड कशाला जाळतोयस?"

"भिंत," तो म्हणाला, आणि आणखी एक ओंडका सारला.

मी तिथंच पोत्यावर बसलो. आम्ही दोघं काहीच न भाजता तासभर भट्टी बघत बसलो. पाचला मागचं दार वाजलं. मृणाल. हाताला मैदा, केसांना मैदा, आणि हातात फडक्यात गुंडाळलेला एक बन. तिनं आधी भट्टीकडं बघितलं, मग रिकाम्या ट्रेंकडं, मग भिंतीकडं. ती हुशार पोरगी आहे. तिला सांगावं लागलं नाही.

"आज सोमवार आहे," ती म्हणाली.

"हो."

"हा नवा डाव आहे का?"

"हो," शैलू म्हणाला. कान लाल. "जरा महागातला आहे. लाकूड परवडत नाही रोज."

तिनं बन मोडला. अर्धा त्याला दिला. मला विचारलं नाही कुणी, आणि माझंही काही म्हणणं नव्हतं.

"सहाशे पोचवायचेत," ती म्हणाली. "तुझा टेंपो आहे ना?"

'शेठ'चं 'तू' कधी झालं हे त्याला कळलं नसावं. तो किल्ली शोधत होता आणि किल्ली त्याच्या हातातच होती.

अण्णांना आठ वाजता कळलं. लाकडाचा हिशेब मागितला त्यांनी. मग काचेतल्या थर्माकोलच्या केकवरची धूळ आपल्या उपरण्यानं पुसली आणि पेपर वाचत बसले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे साखरपुडा झाला असं धरायचं. खरा साखरपुडा माघात झाला. केक कापायच्या आधी अण्णांनी त्याला सुरीचं टोक टोचून पाहिलं.

आता दोघं भांडत नाहीत, आणि मला ते बरं वाटत होतं. परवापर्यंत. परवा सकाळी सहाला आलो तर माझ्या गाडीसमोर रांग. पहिल्या नंबरवर पवार आजी, कडेवर गव्हाचा डबा. गाडीवर पुठ्ठा टांगलेला. केकवर काढतात तसली वळणदार अक्षरं, कडेनं गुलाब : 'येथे दळन घेतले जाईल. आठ दिवस मोफत.'

वर बघितलं. दोन्ही बेकऱ्यांची शटरं वीतभर उघडी होती, आणि दोन्हीकडून खिदळण्याचा आवाज येत होता.