कणगीची नोंद – माजघर, उत्तरेच्या भिंतीकडची, ज्वारीची

आधी मापं. कणगी गोल आहे, आतला व्यास १०५ सेंमी, आतली उंची १५० सेंमी, तोंडाकडे किंचित आवळलेली. बूड जमिनीला टेकलेलं नाही, चार दगडांवर लाकडी ओंडके आणि त्यावर फळ्या, खाली वीतभर मोकळी जागा, हात घालून बघितलं तर कोरडं होतं. भिंतीपासूनही हातभर लांब ठेवलीय, ओल धरू नये आणि मागून उंदीर-घुशींचा माग लागावा म्हणून, असं आजींनी सांगितलं.

विणकाम निरगुडीच्या फोकांचं, उभे फोक जोडीने आणि आडवे एकाआड एक. ओले असतानाच विणायचे, वाळले की मोडतात. आतून बाहेरून शेण, माती आणि बारीक भुसा यांचा लिंप. तोंडाजवळ कडेचा एक टवका उडालाय तिथे लिंपाचे थर सरळ दिसतात, तळहाताएवढ्या जागेत सात मोजले, सगळ्यात आतला काळपट आणि भुसा जास्त असलेला, बाहेरचे पातळ. दरवर्षी एक थर असं धरून वय काढायचा मोह होतो पण ते करू नये, कारण सूनबाई म्हणाल्या की काही वर्षी फक्त भेगा बुजवतात, पूर्ण सारवत नाहीत. फोटो मोजपट्टी ठेवून काढलाय.

बुडाशी मूठ जाईल एवढं भोक, त्यात चिंध्यांचा बोळा आणि वर शेणाचा लिंप. धान्य इथूनच काढतात, वरून नाही. त्यामुळे वरचं तोंड एकदा लिंपलं की हवा आणि किडे दोन्ही बाहेर, आणि रोजच्या काढण्यासाठी ते उघडावं लागत नाही.

आता वर्षभराचं. माझ्या मते हाच भाग महत्त्वाचा, नुसत्या आराखड्यातून तो कळणार नाही. सुगी झाली की ज्वारी कडक उन्हात वाळवतात, दाणा दाताखाली कट्ट वाजला तरच भरायची, मऊ लागला तर परत उन्हात. भरायच्या आधी कणगी रिकामी करून झाडायची, भेगा लिंपायच्या, लिंप पूर्ण वाळू द्यायचा. हे सगळं पावसाच्या आत, ओल्या लिंपात धान्य टाकलं की बुरशी ठरलेली. बुडाला आणि वर वाळलेला कडुलिंबाचा पाला, वरून झाकण, झाकणाच्या कडेला लिंप.

१३५ सेंमीपर्यंत भरली तर सुमारे १.१७ घनमीटर, ज्वारीचा घनमीटर ७२० किलोच्या आसपास धरला तर ८४० किलो. आजी "आठ पोती आणि वर थोडी" म्हणतात, पोतं शंभर किलोचं, म्हणजे जुळतंय.

पावसाळ्यात झडीच्या दिवसांत भोक उघडत नाहीत, उघडीप मिळाली की आठ-पंधरा दिवसांचं एकदम काढून डब्यात. बियाणं मात्र यात नाही, ते वेगळ्या मडक्यात राखेत मिसळून, त्याची नोंद स्वतंत्र करायची. पुढच्या सुगीपर्यंत तळाला जे उरतं ते चाळून वापरतात, सोंडे पडलेलं असेल तर कोंबड्यांना.

राहिलेलं काम: लिंपाच्या मिश्रणाचं प्रमाण, आजी ते मापात सांगत नाहीत, "हाताला चिकटेल इतकं" एवढंच, तर पुढच्या लिंपणाच्या वेळी घमेली मोजायची.