सन २०२६-२७ साठी इयत्ता १ लीच्या प्रवेशाबाबत चौकशी

दिनांक : १२ जानेवारी २०२६
मु. पिंपळखुटा, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

प्रति,
मा. मुख्याध्यापिका मॅडम,
दारव्हा

विषय : मुलीच्या प्रवेशासाठी वय, कागदपत्रे, फी व तारखांबाबत माहिती मिळण्याबाबत.

महोदया,

सविनय नमस्कार. माझी मुलगी आराध्या सध्या गावातल्या अंगणवाडीत जाते. येत्या सत्रात तिला आपल्या शाळेत पहिलीत टाकायची आमची इच्छा आहे. माझ्या जाऊबाईंचा मुलगा आपल्याकडे पाचवीत आहे. तो संध्याकाळी अभ्यासाला बसला की आराध्या त्याच्याजवळ पाटी घेऊन बसते आणि त्याच्या वहीतली अक्षरं जशीच्या तशी उतरवते. म्हणूनच उशीर होऊ नये असं वाटतं.

आधी वयाचं विचारते, कारण आमची खरी अडचण तिथेच आहे. तिचा जन्म १४ नोव्हेंबर २०२० चा. शाळा उघडेल तेव्हा तिला सहा वर्षं पूर्ण झालेली नसतील, पण ३१ डिसेंबर २०२६ च्या आत होतात. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत, असा शासनाचा २०२० चा निर्णय आहे, असं अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. गावातल्या एका बाईंना मात्र दुसऱ्या एका शाळेत "जूनमध्येच सहा पूर्ण पाहिजेत" म्हणून परत पाठवलं होतं. आपल्याकडे कोणती तारीख धरतात, ते कृपया स्पष्ट कळवावं.

दुसरं म्हणजे, जन्म दाखल्यावर तारीख बरोबर आहे, पण आधार कार्डावर २०२० च्या जागी २०२१ छापून आलं. ती दीड वर्षाची असताना घाईघाईत आधार काढलं होतं, तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही. आता पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे तिच्या बोटांचे ठसे द्यायचेच आहेत, त्याच वेळी जन्म दाखला दाखवून तारीखही दुरुस्त करून घेऊ. पण आधार केंद्रावर गर्दी असते आणि दुरुस्ती होऊन यायला वेळ लागतो. तोवर जन्म दाखल्यावर अर्ज घ्याल का? वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, असं शिक्षण हक्क कायद्यात आहे, आणि आमच्याकडे तर दाखला आहेच. फक्त आधारवरच्या आकड्यामुळे तिचं वर्ष वाया जाऊ नये, एवढीच विनंती.

बाकीची कागदं बहुतेक तयार आहेत : रेशन कार्ड, लसीकरणाचं कार्ड, पासपोर्ट फोटो, आमच्या दोघांचं आधार. जातीचा दाखला तिच्या वडिलांचा आहे, मुलीचा अजून काढलेला नाही. तो चालेल का, की सेतूत तिच्या नावाने अर्ज करावा? अंगणवाडीचा दाखला लागतो का? कशाची झेरॉक्स चालेल आणि मूळ कागद कशाचा दाखवावा लागेल, हेही कळवा. दारव्ह्याला एक चक्कर म्हणजे आमची एका दिवसाची मजुरी जाते.

फीबद्दल मोकळेपणाने लिहिते. आम्ही कापूस आणि सोयाबीनवर जगतो. हातात पैसा येतो तो कापूस विकल्यावर, आणि जूनमध्ये बियाणं-खतापायी घरात काहीच राहत नाही. नेमकी तेव्हाच शाळा सुरू होते. म्हणून पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेली वर्षाची एकूण फी आधीच कळली तर बरं होईल. त्यात पुस्तकं, गणवेश, परीक्षा आणि गाडीभाडं धरलेलं आहे की वेगळं, तेही सांगावं. एक हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि दुसरा दिवाळीनंतर, असं चालेल का? पुस्तकं ठरलेल्या दुकानातूनच घ्यावी लागतात का? गाडी पिंपळखुट्यापर्यंत येते, की फाट्यावर उभं राहावं लागतं? फाटा घरापासून दीड किलोमीटर आहे आणि पावसाळ्यात मधला नाला भरतो. सहा वर्षांच्या लेकराला तिथून एकटं सोडवत नाही.

शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन अर्ज करायचाही विचार आहे, पण शाळा आमच्यापासून ९ किलोमीटरवर. अंतरामुळे आमचा अर्ज मागे पडेल का, याचा अंदाज द्यावा. तिथे नंबर लागला नाही तर नेहमीच्या पद्धतीने प्रवेशाची जागा उरेल ना?

प्रवेश अर्ज कधीपासून मिळतील, शेवटची तारीख कोणती, यादी लागते की आधी येईल त्याला आधी, हे कळवावं. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा पहिला दिवसही कळला तर पेरणीची कामं तशी लावता येतील. अर्ज भरायला येताना मुलीला सोबत आणायचं असेल तर नक्की आणू.

उत्तर पुतण्याच्या डायरीत चिठ्ठी ठेवून दिलं तरी चालेल. तो घरी आल्या आल्या आणून देतो. भेटायला बोलावलं तर शनिवारी दुपारी येऊ शकते.

आपली विश्वासू,
सौ. वर्षा गजानन चव्हाण
(आराध्याची आई)