थकलेल्या भाड्याबाबत

अशोक चौक, सोलापूर
९ जानेवारी २०२६

श्रीनिवासराव यांस,
सप्रेम नमस्कार.

जिन्यात रोज भेट होते, पण तुमच्या मागे मुलं असतात, म्हणून विषय काढवत नाही. शिवाय तोंडी बोललेलं गेल्या दोन महिन्यांत दोनदा विरलं. म्हणून लिहून देतोय.

भाड्याची वही समोर आहे. ऑक्टोबरच्या ६,५०० पैकी ३,००० जमा, ३,५०० बाकी. नोव्हेंबर पूर्ण बाकी. डिसेंबरचं ५ तारखेपर्यंत यायला हवं होतं, तेही आलं नाही. एकूण १६,५०० रुपये. तुमच्या हिशेबात काही वेगळं असेल तर आपली वही घेऊन या, समोरासमोर ताळा घालू.

बारा वर्षांत अशी वेळ आली नव्हती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी भाडं मागितलं नव्हतं, तरी कारखाना सुरू झाल्यावर तुम्ही हप्त्याहप्त्याने सगळं फेडलंत. त्या पानावरच्या तुमच्या सह्या अजून तशाच आहेत. नळाला पाणी येतं त्या दिवशी वहिनी आमचीही टाकी भरून घेतात, हेही आम्ही विसरलेलो नाही. टॉवेलला उठाव नाही, पगार पुढे-मागे होतोय, हे एमआयडीसीतले दुसरे लोकही सांगतात. तुमच्या शब्दावर माझा अविश्वास नाही.

पण माझंही घर या भाड्यावर चालतं. पेन्शन औषधांत जाते आणि मार्चअखेर महापालिकेचा मिळकत कर भरायचा आहे. त्यामुळे यापुढे ‘बघू’वर भागणार नाही.

तर असं करा. २० जानेवारीपर्यंत ऑक्टोबरची बाकी आणि नोव्हेंबरचं मिळून १०,००० द्या. गड्ड्याची जत्रा मध्ये आहे, मुलांना घेऊन जाल, खर्च होईल, म्हणूनच २० तारीख म्हणतोय. उरलेले डिसेंबरचे ६,५०० आणि जानेवारीचे ६,५०० असे १३,००० रुपये ५ फेब्रुवारीला. त्यानंतर नेहमीप्रमाणे दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत. उशिराचा एक रुपयाही जास्त मागणार नाही.

डिपॉझिटमधून वळते करा असं तुम्ही म्हणाला होतात, ते जमणार नाही. ते पैसे घर सोडताना परत द्यायचे आहेत, त्याला आत्ता हात लावायचा नाही.

करार ३१ मार्चला संपतोय. वरच्या तारखा पाळल्या गेल्या तर त्याच भाड्यात पुढचे अकरा महिने लिहून देईन. नाहीतर करार वाढवता येणार नाही आणि घर रिकामं करून द्यावं लागेल. हे लिहिताना जड जातंय, पण मार्चमध्ये अचानक सांगण्यापेक्षा आज सांगितलेलं बरं. लाइट-पाणी तोडणं, चारचौघांत बोलणं असले प्रकार माझ्याकडून होणार नाहीत, निश्चिंत राहा.

२० तारीख अगदीच जमत नसेल तर त्याच्या आधी खाली येऊन नक्की तारीख सांगा. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
प्रभाकरकाका
(तळमजला)