मुक्ताचं वेळापत्रक: बारावी आणि मध्यमा पूर्णचं शास्त्र

मुक्ता, हे कपाटाच्या दाराला आतून चिकटव. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिल-मेच्या सत्रात गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण, त्याच सुमारास सीईटी आणि ९ जूनला तुला अठरा पूर्ण. त्यानंतर कॉलेजसाठी तू सांगली सोडणार. वसतिगृहात तानपुरा लावून बसता येईलच असं नाही, म्हणून ही परीक्षा याच सत्रात द्यायची. तुझं गाणं तयार आहे. मागे पडलंय ते शास्त्र, आणि त्याला रोज थोडा वेळ दिला तरी पुरतो.

जानेवारी
सोमवार ते शुक्रवार, रात्री ९ ते ९.४०. फिजिक्स-केमिस्ट्रीचा अभ्यास आटोपल्यावर.

पहिला आठवडा: दहा थाट स्वरांसकट, आणि व्याख्या. आश्रय राग, वर्ज्य स्वर, अल्पत्व-बहुत्व, आविर्भाव-तिरोभाव. प्रत्येक व्याख्येखाली तू गातेस त्या रागातलं एक उदाहरण लिही. नुसती पाठ केलेली व्याख्या तपासणाऱ्याला लगेच कळते.

दुसरा आणि तिसरा आठवडा: स्वरलिपी. इथे तुझे गुण हमखास जातात, म्हणून दोन आठवडे दिलेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्र सप्तकाचं, तारेसाठी वर उभी रेघ. समेची खूण भातखंड्यांकडे ×, पलुस्करांकडे १. तालातल्या खालीची खूण एकीकडे ०, दुसरीकडे +. भूपाचा छोटा ख्याल एका दिवशी एका पद्धतीत उतरव, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. एका पानावर दोन्ही लिहू नकोस, खुणांची सरमिसळ तिथेच होते.

चौथा आठवडा: प्रॅक्टिकलचं वातावरण असेल. फक्त चरित्रं वाच. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१), १९०१ साली लाहोरचं गांधर्व महाविद्यालय. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६), थाटपद्धती. एकेका चरित्राचे आठ मुद्दे, जास्त नकोत.

रविवार सकाळी ७ ते ९ माझ्याकडे. गळा आणि ताल दोन्ही.

फेब्रुवारी ते बोर्डाचा शेवटचा पेपर
शास्त्राची वही बंद. मी विचारणारही नाही. सकाळी वीस मिनिटं खर्ज आणि भैरवाचे अलंकार, तेवढ्याने आवाज टिकतो. दोन पेपरांमध्ये चार दिवसांची सुट्टी मिळाली तरी ती गणितालाच दे. आईने गाण्याची आठवण केली तर तिला हा परिच्छेद दाखव.

शेवटच्या पेपरानंतर
पहिले दोन दिवस झोप. मग सीईटीचा अभ्यास सकाळी ८ ते १ आणि दुपारी ४ ते ६.३०, शास्त्र संध्याकाळी ७ ते ८.३०.

समप्रकृतिक राग तीन दिवस. भूप आणि देशकार: स्वर तेच, पण भूप कल्याण थाटाचा, वादी गंधार, देशकार बिलावल थाटाचा, वादी धैवत. मारवा, पूरिया, सोहनी: तिन्हींत कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. मारव्यात रिषभ-धैवत, पूरियात गंधार-निषाद, सोहनीत धैवत-गंधार आणि चाल उत्तरांगात. आधी गाऊन बघ, मग लिही. पूरियात मंद्र निषादावर थांबून गंधारावर आलीस की फरक कानालाच कळतो, आणि उत्तरात चार ओळी आपोआप येतात.

मग लयकारी, रोज एक ताल. दुगुण तुला येते. तिगुण कुठून उचलायची ते आधी मोजायचं:

एकताल, १२ मात्रा: तिगुण ४ मात्रांत बसते, म्हणून ९व्या मात्रेपासून.
झपताल, १० मात्रा: ३⅓ मात्रा लागतात, म्हणून ७व्या मात्रेत "ऽ ऽ धी".
धमार, १४ मात्रा: ४⅔ मात्रा लागतात, म्हणून १०व्या मात्रेत "ऽ क धि".

हाताने टाळी देत मोठ्याने म्हण, मग कागदावर घे. अवग्रह विसरलीस तर सगळी ओळ सरकते आणि सम चुकते.

परीक्षेआधीचे दहा दिवस
दिवसाआड एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, शाईच्या पेनाने. मधल्या दिवशी मी तपासून दिलेलं दुरुस्त करायचं. निबंधासाठी दोनच विषय तयार ठेव: घराण्यांची वैशिष्ट्यं आणि मैफलीत तानपुऱ्याचं स्थान. सीईटी याच दिवसांत आली तर तिच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी शास्त्राला सुट्टी. बुडालेला पेपर पुढे ढकलू नकोस, गाळून टाक.

लेखीच्या आदल्या संध्याकाळी फक्त तालांची पानं चाळ. साडेनऊला झोप. प्रवेशपत्र, दोन पेनं, पट्टी आणि पाण्याची बाटली रात्रीच पिशवीत भर. केंद्रावर तुला मी सोडते, बाबांना सुट्टी घ्यायला लावू नकोस.

– ताई