शिट्टी

"दाबायचं नाही माई, वर सरकवायचं." शेजारची सानिका तिसऱ्यांदा सांगत होती.

माईंनी बोट पदराला पुसलं. जन्मभर भाकरी थापून टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की मोबाइल त्या बोटाला दादच देईना. सानिका नववीतली. चार दिवस रोज क्लासवरून येताना वाड्यात डोकावायची आणि माईंच्या हातचा लाडू खात शिकवणी घ्यायची. फुकटात शिकवेल ती सानिका कसली!

रविवारी रात्री साडेनऊला निनादचा फोन यायचा होता. "तिकडे म्युनिकला पाच वाजले असतील," माई म्हणाल्या. "उन्हाळ्यात साडेतीन तास, थंडीत साडेचार. थंडीत घड्याळं मागं करतात ती माणसं." हे गणित मात्र त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

फोन वाजला. माईंनी हिरवं बटण पहिल्याच फटक्यात वर सरकवलं आणि सवयीनं फोन कानाला लावला.

"आजी, मला फक्त तुझा कान दिसतोय!"

घाईत फोन आडवा झाला. पलीकडे क्षणभर शांतता.

"आजी, तुळईला टेकू कसला लावलाय?"

"कुठं? तो होय. बांबू आहे."

"वाडा ठणठणीत आहे म्हणालीस ना गेल्या रविवारी?"

"बांबू ठणठणीतच आहे," माई म्हणाल्या आणि फोन चटकन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. आता कुठं त्यांना निनाद दिसला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. चष्मा नाकावर चढवून त्या पुढं वाकल्या. नातवापेक्षा त्याच्या मागचं कपाट त्या जास्त निरखत होत्या.

"बाजूला सर जरा."

"काय झालं?"

"सर म्हणते ना. तो कुकर मीच दिलेला ना? अजून प्लास्टिकमध्येच? आणि दर रविवारी वरण-भात करतो म्हणून सांगायचास!"

निनादनं मान खाली घातली. सानिकानं लाडू तोंडात कोंबून हसू दाबलं.

"टेकूचं बाबांना सांगू नकोस," माई हळूच म्हणाल्या. "मीही तुझ्या आईला काही सांगत नाही. डाळ आहे का?"

"आहे. तूरडाळ."

"मग काढ ते प्लास्टिक. शिट्टी, रिंग सगळं आधी धुऊन घे. डाळ धू, चिमूटभर हळद, हिंग. पाणी दाखव मला. अजून. अजून थोडं. बास."

फोन तिकडे ओट्यावर उभा राहिला. माई तांदळाच्या डब्यासमोर मांडी घालून बसल्या. बोलणं संपलं होतं, पण फोन कुणीच ठेवेना. गुरगुर वाढली आणि खणखणीत शिट्टी झाली.

सानिका ताडकन उठून माईंच्या स्वयंपाकघरात गॅस बारीक करायला धावली.

"अगं बस," माई म्हणाल्या, "तिकडची आहे ती. अजून दोन व्हायच्यात."