बाबा, जिन्यात तुम्ही थांबलात तेव्हा

ती. बाबा,
सा. न.

फोनवर हे बोलता आलं असतं, पण फोनवर तुम्ही विषय बदलता आणि मी चिडते. म्हणून पत्र.

गेल्या रविवारी आपण जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर तुम्ही वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागलात. पट्टा नीटच होता, बाबा. मी मागे उभी होते आणि तुमच्या पाठीवरचा शर्ट वरखाली होताना बघत होते. मी काहीच बोलले नाही, तुम्हीही नाही. मला सायकल शिकवताना सीट धरून मागे धावत, ओरडून सूचना देणारा माणूस तुम्हीच होतात. आता फोनवर बोलतानाही तुमच्या वाक्यात भलत्याच ठिकाणी स्वल्पविराम पडतो. तो मला ऐकू येतो.

लहानपणी मी तुमची पाकिटं लपवली, सिगारेटी मोडून कचऱ्यात टाकल्या, एकदा तर दोन दिवस अबोला धरला. त्याचा उपयोग एवढाच झाला की तुम्ही गच्चीत जाऊन ओढायला लागलात. चुकलंच माझं. एकोणिसाव्या वर्षी लागलेली गोष्ट बेचाळीस वर्षांनी मुलीच्या रुसव्याने सुटत नाही, हे मला आता कळतं. निकोटिनची सवय मेंदूला लागते, तिथे तुमच्या मनाच्या जोराचा प्रश्न येतोच कुठे? मी आठवीत असताना तुम्ही अकरा दिवस सोडली होतीत. ते तुम्ही ‘हरलो’ म्हणून सांगता. मला मात्र ते अकरा दिवस आठवतात. कारण सगळ्यात वाईट त्रास पहिल्या आठवड्यातच होतो आणि तो तुम्ही काढला होतात, तेही कुणाच्या मदतीशिवाय.

तुम्ही म्हणाल, साठी उलटल्यावर सोडून आता काय मिळणार? हेच मी शोधलं. ब्रिटनमध्ये 1951पासून हजारो डॉक्टरांच्या सिगारेटच्या सवयीची नोंद ठेवली गेली, तब्बल 50 वर्षं. साठीच्या आसपास सोडणाऱ्यांना, ओढत राहिलेल्यांपेक्षा सरासरी 3 वर्षं जास्त मिळाली. तीन वर्षं म्हणजे ईराची पहिली, दुसरी आणि तिसरी. गोष्ट सांगताना राक्षसाचा आवाज तिला तुमचाच लागतो, माझा चालत नाही.

‘पण मी आता चारवर आलोय’ हे पुढचं. कमी केल्यात, मला कौतुक आहे. पण हृदय असा हिशेब मानत नाही. दिवसाला वीस ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जो धोका वाढतो, त्यातला जवळजवळ निम्मा दिवसाला एक ओढणाऱ्याच्याही वाट्याला येतो. म्हणून मी चारच्या दोन करा म्हणत नाही, पूर्ण सोडा म्हणतेय. सोडलीत तर दोन-तीन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, म्हणजे ऑक्सिजनची अडवलेली जागा मोकळी होते. वर्षभरात हृदयाचा वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो. फुप्फुसांचं जे गेलं ते सगळं परत येईल असं खोटं सांगणार नाही. पण पुढची घसरण मंदावते, आणि खोकला काही महिन्यांत कमी होतो. सकाळी बेसिनपाशी तुम्ही नळ सोडून खोकता, तो आवाज नळाखाली लपत नाही.

या वेळी नुसत्या निर्धारावर नको. गुरुवारी सकाळी दहाची डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी सोबत येते. निकोटिनचा पॅच, च्युइंग गम, गोळ्या, यातलं तुम्हाला काय चालेल ते ते ठरवतील. छातीचीही तपासणी करून घेऊ. गम मिळालं तर नेहमीच्या गमसारखं सारखं चघळायचं नसतं, एवढं मी वाचलंय. जिभेला चुणचुण लागली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चघळायचं. तुम्ही घाईने चघळाल आणि ‘हे काही खरं नाही’ म्हणाल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तलफ आली तर ती काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटं मला फोन करा. बोलायलाच हवं असं नाही. रात्री दोन वाजताही चालेल, ईरामुळे मी तशीही जागीच असते. आणि मध्ये एखादी ओढलीत, तर तेही मला सांगा. मी ओरडणार नाही. त्यानंतरच्या सकाळी पुन्हा पहिल्यापासून मोजू.

गुरुवारी साडेनऊला खाली येते. जिना तुमच्या गतीने उतरा.

तुमची,
मनू

ता. क. आजोबांचा पितळी लायटर टाकून देऊ नका. पाकिटं टाका, तो माझ्याकडे द्या.