डाळिंबी खणाची ओटीची पेटी: सात फोटोंवरून अभिप्राय

ताई, पेटी अजून हातात घेतलेली नाही, त्यामुळे वजन, वास आणि झाकण उघडताना हाताला काय जाणवतं याबद्दल मी बोलणार नाही. तुम्ही डोंबिवलीहून पाठवलेले सातही फोटो मोठे करकरून पाहिले, त्यावरून हे लिहिते आहे. दादरच्या आमच्या दुकानात डोहाळजेवण आणि लग्नाच्या ओटीसाठी अशा पेट्या सतत मागितल्या जातात, म्हणून जरा बारकाईनेच पाहिलं.

आधी खणाबद्दल. खणाच्या बुट्ट्या सरळ रांगेत असतात, त्यामुळे कापड दोन धागे जरी तिरकं चिकटलं तरी लगेच डोळ्याला खुपतं. तुमच्या झाकणावर डावीकडची रांग काठाशी जिथे सुरू होते, तिथेच उजवीकडेही संपते. समोरच्या भिंतीवरच्या बुट्ट्या झाकणावरच्या बुट्ट्यांना बरोबर जुळल्या आहेत. त्यासाठी कापड जास्तीचं कापावं लागलं असेल. ते तुम्ही कापलंत, हे फार आवडलं. फेविकॉलचा ओघळही कुठे दिसला नाही.

शिलाई पाहायला दुसऱ्या फोटोतलं दहाचं नाणं फार उपयोगी पडलं. ते 27 मिलिमीटरचं असतं. त्याच्या रुंदीत काठावरचे काज टाके मोजले, तर नऊ भरले, म्हणजे एकेक टाका तीन मिलिमीटरचा. हातशिलाईला हे माप सुरेख आहे. मोरपंखी दोराही डाळिंबीवर उठून दिसतो. पण मागच्या उजव्या कोपऱ्यावर तेवढ्याच अंतरात सहाच टाके आहेत आणि तिथे दोरा सैल पडला आहे. कोपऱ्यावर पुठ्ठ्याची जाडी दुप्पट होते, सुई जात नाही आणि टाके आपोआप लांबतात. शिवण्याआधी टोच्याने भोकं पाडून घेतलीत तर अंतर राखता येईल. दोऱ्याची गाठ त्याच कोपऱ्यावर बाहेर राहिली आहे, ती अस्तराखाली घ्या. ओटी घेणाऱ्या बाईचं बोट पहिल्यांदा तिथेच लागणार.

चौथ्या फोटोची मात्र मला काळजी वाटते. पेटी टेबलावर बंद आहे आणि झाकणाच्या दोन्ही कोपऱ्यांखालून उजेडाची बारीक फट दिसते. मध्य टेकला आहे, कडा उचलल्या गेल्या आहेत. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओलं कापड चिकटवलं की ते वाळताना आक्रसतं आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतं. आतून अस्तर लावलंय, पण ते फक्त कडेने चिकटवलेलं दिसतं, त्यामुळे उलट बाजूने ओढ मिळत नाही. आतल्या बाजूला त्याच दिवशी पूर्ण पृष्ठभागावर कागद चिकटवा आणि वजनाखाली रात्रभर ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे एक रात्र पुरत नाही, दोन दिवस तरी द्या. ही फट राहिली तर 650 रुपये मी गिऱ्हाइकाकडे मागू शकणार नाही. बाकी कामाच्या मानाने हा भाव कमीच आहे, हेही सांगते.

उंचीचं काय करायचं? पाचव्या फोटोत नाणं आतल्या भिंतीला उभं टेकवलंय, त्यावरून आतली खोली अडीच नाण्यांची, म्हणजे पावणेतीन इंचांच्या आतच भरते. सोललेला नारळसुद्धा चार इंचांच्या आसपास असतो. खण, सुपारी, हळकुंड, बांगड्या सगळं मावेल, पण नारळ ठेवला की झाकण बसणार नाही. ओटीची पेटी म्हणून विकायची तर भिंती पाच इंचांच्या करा, नाहीतर तिला साडीची पेटी म्हणा. तळाचा फोटो तुम्ही पाठवलेला नाही. नारळाचा भार घ्यायचा तर तळाला दुहेरी पुठ्ठा लागेल.

पॅकिंगमध्ये बटर पेपर, सुती दोरी आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे, ते छानच. बाहेरचा तीन पदरी खोका मात्र पेटीला चारही बाजूंनी घट्ट चिकटला आहे. कुरिअरच्या गाडीत खोका कोपऱ्यावर पडला की तो धक्का थेट तुमच्या काज टाक्यांना बसेल. पाच पदरी खोका घ्या, सगळीकडून इंचभर जागा सोडा आणि त्यात कागदाच्या पट्ट्या भरा. पाऊस असेल तोवर आत सिलिकाची पुडीही टाका.

आता मला दोन फोटो हवे आहेत: तळाचा, आणि झाकण उलटं ठेवून त्याच्या कडेला पट्टी टेकवलेला. दुसऱ्यात फट दिसली नाही, तर दिवाळीआधी पाच इंच उंचीच्या 20 पेट्या मी घेईन. डाळिंबीच हव्यात.